जुन्या फोटोत चेहरा बसवताना : माणूस तोच राहिला पाहिजे

फोटो स्टुडिओ, झेरॉक्स किंवा फ्रेमिंगचे दुकान चालवणाऱ्या आपल्या बांधवांकडे हल्ली एक काम वारंवार येते. घरातला जुना, काळापांढरा कौटुंबिक फोटो असतो. ओल लागलेली असते, घडीची रेघ पडलेली असते, आणि नेमका एका माणसाचा चेहरा गेलेला असतो. गिऱ्हाईक सोबत त्याच माणसाचा दुसरा फोटो आणतो आणि म्हणतो, "यातला चेहरा काढून त्यात बसवा." काम सोपे वाटते. संगणकावर आता एका बटणात चेहरा बदलणारे प्रोग्रामही मिळतात. पण या कामात एक धोका आहे. फोटो सुंदर होतो आणि माणूस बदलतो. गिऱ्हाईकाच्या घरात त्या माणसाची तेवढीच एक तसबीर असेल तर नातवंडे पुढे त्याच चुकीच्या चेहऱ्याला आजोबा समजणार. म्हणून हे काम कसे करावे, कुठे थांबावे आणि चूक कशी ओळखावी, हे एका प्रत्यक्ष कामाच्या आधारे येथे सांगत आहोत.

काम काय होते

खेड तालुक्यातील एका गावचा गिऱ्हाईक आमच्या परिचयाच्या एका कारागिराकडे आला. त्याच्याकडे १९६८ सालचा, अंगणात काढलेला घरच्या नऊ माणसांचा फोटो होता. आकार सहा बाय आठ इंच. मधोमध उभे असलेले त्याचे वडील तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. कौलातून गळलेले पाणी नेमके त्यांच्या तोंडावर उतरले होते. कपाळाचा खालचा भाग, दोन्ही डोळे, नाक आणि उजवा गाल यांवरचा थर सुटून कागद उघडा पडला होता. टोपीची कड, डावा कान, ओठ, हनुवटी आणि जबड्याची रेषा मात्र शाबूत होती. त्यावर ठिकठिकाणी तपकिरी डाग होते. शिवाय एक घडीची रेघ शेजारच्या चुलत्याच्या खांद्यावरून निघून वडिलांच्या गालावरून पलीकडे गेली होती.

वडिलांचे आणखी दोन फोटो मिळाले. एक १९७४ सालचा, आखातात जाताना काढलेल्या पासपोर्टवर चिकटवलेला. दुसरा १९८५ सालचा, घरातल्या एका निकाहच्या वेळचा, रंगीत. त्यात दाढी आणि चष्मा होता. रंगीत फोटो मोठा आणि स्वच्छ असल्यामुळे गिऱ्हाईकाला तोच वापरावा असे वाटत होते. कारागिराने पासपोर्टचा निवडला.

कारण साधे आहे. उसना चेहरा निवडताना फोटोचा स्वच्छपणा शेवटी पाहायचा. आधी पाहायचे वय, मग मान किती वळली आहे ते, मग उजेड कुठून येतो ते. सहा वर्षांच्या फरकाने माणसाचा चेहरा फारसा बदलत नाही, सतरा वर्षांत गाल, पापण्या, केसांची रेषा सगळे बदलते. मान वळल्याचे मोजमाप सोपे आहे. नाकाच्या शेंड्यापासून दोन्ही कानांपर्यंतचे अंतर दोन्ही फोटोंत पाहावे. प्रमाण जवळपास सारखे असेल तर चेहरा बसतो. एकात दोन्ही कान दिसतात आणि दुसऱ्यात एकच, असे असेल तर तो फोटो बाजूला ठेवावा. त्यातले नाक कितीही ओढूनताणून बसवले तरी वाकडेच दिसते.

एक सवय मात्र सोडावी. मान उलट्या बाजूला वळली असेल तर काहीजण फोटो आरशासारखा उलटा करतात. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. भांग, भुवईची उंची, तीळ, जखमेचा व्रण सगळे बाजू बदलते. परक्याला कळणार नाही, पण बायकोला आणि बहिणीला पहिल्या नजरेत कळते.

स्कॅन : निम्मे काम इथेच

गिऱ्हाईक पुष्कळदा मोबाईलवरून फोटो पाठवतो आणि दुकानात येत नाही. अशा वेळी मूळ फोटो मागावाच. संदेशातून येता येता फोटो दाबला जातो आणि मागच्या रांगेतला चेहरा चाळीस-पन्नास ठिपक्यांचा उरतो. तो नंतर मोठा केला तरी त्यात नसलेली पापणी उगवत नाही. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नये, थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करावा. बुरशी ओल्या कापडाने पुसू नये. कोरड्या मऊ ब्रशने सुटी धूळ झाडली की पुरे, आणि थर सुटत असेल तर तेही नको.

स्कॅन ६०० डीपीआयवर घ्यावा, म्हणजे फोटोच्या एका इंचाचे ६०० ठिपके. आपल्या फोटोत टोपीच्या कडेपासून हनुवटीपर्यंत चेहरा १२ मिलिमीटर होता. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा १२ ला २५.४ ने भागून ६०० ने गुणले की सुमारे २८३ ठिपके येतात. पासपोर्टमधला तोच भाग २४ मिलिमीटर होता, म्हणजे त्याचे सुमारे ५६७ ठिपके झाले. उसना चेहरा मूळ जागेपेक्षा मोठा असणे चांगले, कारण लहान करताना काही बिघडत नाही. लहान चेहरा ताणून मोठा करावा लागला तर तो मऊ आणि पुसट दिसतो.

फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीत घ्यावा, ही या लेखातली सर्वांत उपयोगाची सूचना समजावी. रंगीत स्कॅनमध्ये तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन पडदे असतात. पिवळा-तपकिरी डाग निळ्या पडद्यात सर्वांत काळा दिसतो आणि तांबड्या पडद्यात जवळजवळ नाहीसा होतो. याउलट निळ्या शाईचा शिक्का तांबड्यात ठळक दिसतो आणि निळ्यात फिका पडतो. जिम्प हा मोफत मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात `Colors > Components > Decompose...` येथे जाऊन `RGB` निवडले की तिन्ही पडदे वेगवेगळे होऊन समोर येतात.

आपल्या कामात सामुदायिक फोटोचा तांबडा पडदा घेतला. पाण्याचे अर्धेअधिक डाग तिथेच गेले. पासपोर्टच्या फोटोवर हनुवटीच्या कोपऱ्याला निळा शिक्का लागला होता. तेवढा भाग निळ्या पडद्यातून घेतला. पुसण्याचे, रंगवण्याचे काम अजून सुरूही झाले नव्हते आणि दोन तासांची मेहनत वाचली. स्कॅनची मूळ फाईल टिफमध्ये ठेवावी आणि तिला हात लावू नये. काम प्रतीवर करावे.

मशीनने काय केले

गिऱ्हाईकाला घाई होती, म्हणून कारागिराने आधी चेहरा बदलणारा प्रोग्राम लावून पाहिला. अशा पुष्कळ मोफत प्रोग्रामांच्या पोटात `inswapper_128` नावाची एकच फाईल काम करत असते. ती काय करते हे समजून घेतले तर तिच्या चुकाही समजतात.

प्रोग्राम प्रथम फोटोत चेहरा शोधतो आणि पाच खुणा ठरवतो : दोन डोळे, नाकाचा शेंडा आणि तोंडाचे दोन कोपरे. या खुणांवरून चेहरा सरळ करून तो १२८ बाय १२८ ठिपक्यांच्या चौकोनात आणतो. दुसऱ्या फोटोतल्या माणसाची ओळख आकड्यांच्या एका यादीत उतरवतो आणि त्या यादीवरून चौकोनात नवा चेहरा तयार करतो. मग तो चौकोन मूळ जागी चिकटवतो. म्हणजे पासपोर्टमधला चेहरा उचलून आणला जात नाही. त्या चेहऱ्यासारखा एक चेहरा नव्याने काढला जातो.

यात तीन अडचणी येतात. पहिली, आपल्या फोटोत डोळे आणि नाक नव्हतेच. प्रोग्रामला चेहरा सापडेना. फाटलेली जागा करड्या रंगाने भरल्यावर सापडला, पण पाच खुणा अंदाजाने पडल्या आणि डोळे कपाळाकडे सरकले. दुसरी, आपल्याकडे २८३ ठिपके उंचीचा चेहरा होता आणि मशीनने परत दिला १२८ चा. मिळालेला तपशील निम्म्याहून कमी झाला. तिसरी, हे प्रोग्राम रंगीत चेहऱ्यांवर शिकलेले आहेत. काळ्यापांढऱ्या फोटोत ते किंचित गुलाबी किंवा निळसर छटा सोडतात. ती छटा घालवता येते, पण ती दिसली की समजावे, इथे मशीनचा हात लागला आहे.

चेहरा पुसट आला म्हणून लोक पुढे "चेहरा सुधारणारा" प्रोग्राम लावतात. त्यात २०२१ चा जीएफपीगॅन आणि २०२२ चा कोडफॉर्मर हे दोन प्रसिद्ध आहेत. दोन्ही ७०,००० चेहऱ्यांच्या एका संग्रहावर शिकले. तो संग्रह इंटरनेटवरच्या आधुनिक, स्वच्छ, रंगीत फोटोंचा आहे. पुसट डोळा दिसला की प्रोग्राम त्या हजारो डोळ्यांच्या अनुभवावरून चकचकीत डोळा काढतो. तो डोळा तुमच्या गिऱ्हाईकाच्या वडिलांचा असतोच असे नाही. कोडफॉर्मरमध्ये ० ते १ असा एक काटा आहे. तो शून्याकडे नेला तर चेहरा जास्त देखणा होतो, एककडे नेला तर मूळ चेहऱ्याशी जास्त इमानी राहतो. देखणेपणा आणि इमान यांचा हा सौदा खुद्द प्रोग्राम बनवणाऱ्यांनीच उघड मान्य केला आहे.

या दोन्ही प्रोग्रामांतून गेलेला फोटो गिऱ्हाईकाने पाहिला आणि तो खूश झाला. त्याने तो घरी आपल्या फुफीला दाखवला. फुफी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्याच फोटोत त्या भावाशेजारी उभ्या आहेत. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, "हा कोण?"

धंद्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. `inswapper_128` आणि कोडफॉर्मर हे दोन्ही त्यांच्या परवान्यानुसार अव्यावसायिक उपयोगासाठी दिलेले आहेत. मोफत मिळतात म्हणजे पैसे घेऊन केलेल्या कामात वापरता येतात असे नाही. कोणताही प्रोग्राम दुकानात लावण्यापूर्वी त्याचा परवाना वाचावा. जिम्पला अशी आडकाठी नाही.

हाताने बसवण्याची रीत

कारागीर पुन्हा कामाला बसला. या खेपेस त्याने एक नियम ठरवला : जेवढे मूळ शिल्लक आहे तेवढे ठेवायचे, गेलेले तेवढेच बाहेरून आणायचे. टोपी, कान, ओठ, हनुवटी मूळचीच राहिली. उसने आले ते कपाळाची पट्टी, डोळे, नाक आणि उजवा गाल.

पहिली पायरी माप. कानाच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचे अंतर दोन्ही फोटोंत मोजले. कान मूळ फोटोत शाबूत होता म्हणून हे जमले. पासपोर्टचा चेहरा बरोबर निम्मा, म्हणजे ५० टक्के करावा लागला. तो वेगळ्या थरावर ठेवून थर अर्धा पारदर्शक केला आणि कान, ओठ व जबडा एकमेकांवर जुळेपर्यंत सरकवला. ओठ जुळले की डोळ्यांची जागा आपोआप ठरते. मशीनला जे अंदाजाने करावे लागले ते इथे उरलेल्या हाडांवरून ठरले.

दुसरी पायरी छटा. जुना फोटो फिका पडलेला असतो. त्यात खरा काळा आणि खरा पांढरा उरलेला नसतो. पासपोर्टचा फोटो पुस्तकात बंद राहिल्याने ठसठशीत होता. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा असे धरून कारागिराने शेजारच्या चुलत्याचा चेहरा मोजला. कपाळावरची सर्वांत उजळ जागा १८५ होती, डोळ्याच्या खोबणीतली सर्वांत काळी ६०. पासपोर्टमध्ये हेच आकडे २३५ आणि २० होते. मग उसन्या थरावर `Colors > Levels...` उघडून `Input Levels` मध्ये २० व २३५ आणि `Output Levels` मध्ये ६० व १८५ भरले. चेहरा एकदम त्या फोटोतला वाटू लागला. नजरेने छटा जुळवू नये. आजूबाजूच्या रंगाने नजर फसते. आकडा फसत नाही. आणि माप नेहमी त्याच फोटोतल्या शेजारच्या चेहऱ्यावरून घ्यावे.

तिसरी पायरी उजेड. अंगणातल्या फोटोत ऊन डावीकडून येत होते, प्रत्येकाच्या नाकाची सावली उजवीकडे पडली होती. पासपोर्टच्या फोटोत उजेड समोरून होता. कारागिराने मधल्या करड्या रंगाचा एक थर वर ठेवून त्याचा मोड `Soft light` केला. या मोडमध्ये मधला करडा दिसत नाही. त्यावर काळा फिरवला की खालची जागा गडद होते, पांढरा फिरवला की उजळ. मोठ्या मऊ ब्रशने, अगदी कमी जोराने, उजव्या गालावर आणि नाकाच्या उजव्या बाजूला सावली दिली. किती द्यायची ते चुलत्याच्या गालावरून ठरवले.

चौथी पायरी धार आणि दाणा. बसवलेला चेहरा "चिकटवलेला" दिसतो तो बहुतेक वेळा इथे चुकल्यामुळे. उसना चेहरा लहान केल्यावर जास्तच टोकदार होतो, आणि सामुदायिक फोटोतले चेहरे त्या काळच्या कॅमेऱ्याने मुळातच मऊ आलेले असतात. शेजारच्याची पापणी मोठी करून पाहावी. काळ्यापासून उजळापर्यंत जायला ती चार-पाच ठिपके घेते आणि आपली दोनच ठिपके, असे दिसले तर `Filters > Blur > Gaussian Blur...` थोडा द्यावा. इथे १.५ पुरला. त्यानंतर दाणा. जुन्या फोटोत सगळीकडे बारीक रवा असतो. लहान केलेल्या आणि मऊ केलेल्या चेहऱ्यातला तो निघून जातो आणि गाल मेणासारखा दिसतो. `Filters > Noise > RGB Noise...` मध्ये `Independent RGB` ची खूण काढावी, नाहीतर दाणा रंगीत पडतो. पडद्याची प्रत करड्या मोडमध्ये असेल तर आधी `Image > Mode > RGB` करून घ्यावे. जोर इतकाच ठेवावा की शेजारच्या गालाशी ताडून पाहता फरक कळू नये. क्रम नेहमी हाच : आधी माप, मग छटा, मग धार, दाणा सर्वांत शेवटी. दाणा आधी घालून मग धार मऊ केली तर दाणाही विरघळतो.

पाचवी पायरी कड. थराला मास्क लावून मऊ ब्रशने उसना भाग मूळ भागात मिसळला. जोड नेहमी नैसर्गिक रेषेवर घ्यावा : टोपीच्या कडेला, नाकाच्या बाजूच्या वळीत, गालाच्या सावलीत. उघड्या, सपाट गालावर मधोमध जोड घेतला तर तो कधीना कधी दिसतो. घडीची रेघ सर्वांत शेवटी आणि पूर्ण लांबीची भरली. चुलत्याच्या खांद्यावर रेघ दिसते आणि वडिलांच्या गालाच्या सीमेवर येऊन एकदम थांबते, असा फोटो पाहिला की जाणकार लगेच सांगतो, इथे चेहरा बदलला आहे. एकतर रेघ सगळीकडून काढावी किंवा सगळीकडे राहू द्यावी.

तीळ की डाग

काम झाले. कारागिराने पद्धत अशी ठेवली की घरातल्या, त्या माणसाला ओळखणाऱ्या दोघांना फोटो वेगवेगळा दाखवायचा आणि काय दुरुस्त केले ते आधी सांगायचे नाही. सांगितले की माणूस तिथेच पाहतो आणि कौतुक करतो. थोरल्या चुलत्यांनी फोटो पाहून भावाचे नाव घेतले. फुफींनी बराच वेळ पाहिले. म्हणाल्या, "डोळे त्याचेच. पण हनुवटीवरचा तीळ कुठे गेला?"

कारागिराने फाईल पुन्हा उघडली. हनुवटी मूळची होती, तिला चेहरा बसवताना हात लागला नव्हता. पण त्याआधी डाग पुसताना तिथला एक काळा ठिपका बुरशीचा समजून त्याने साफ केला होता. पासपोर्टमध्येही तीळ दिसत नव्हता, कारण त्या जागेवर शिक्का होता. शिवाय त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून असे ठिपके घालवतही असत. आता खरे काय ते ठरवायचे कसे?

उत्तर रंगीत स्कॅनमध्येच होते. मूळ फाईलचे तीन पडदे पुन्हा वेगळे केले. हनुवटीभोवतीचे बाकीचे ठिपके निळ्या पडद्यात काळे होते आणि तांबड्यात फिके पडले होते, ते डाग. हा एक ठिपका मात्र तिन्ही पडद्यांत सारखाच काळा राहिला. डाग नंतर पडतो आणि त्याला स्वतःचा रंग असतो. तीळ फोटो काढताना चांदीच्या थरातच उमटलेला असतो. बाकीच्या चित्राचा जो रंग तोच त्याचा. फुफींची आठवण बरोबर होती. तीळ परत आला.

स्कॅन काळापांढरा घेतला असता तर ही खात्री करायला काहीच उरले नसते. म्हणून चेहऱ्यावरचा कोणताही ठिपका पुसण्यापूर्वी तिन्ही पडदे पाहावेत. तरीही शंका राहिली तर ठिपका ठेवावा आणि घरच्यांना विचारावे.

काय घ्यावे, काय नाकारावे

या कामाला स्कॅन व पडदे यांना अर्धा तास, डाग-रेघा काढायला दोन तास, चेहऱ्याला तीन तास आणि दाखवून दुरुस्त करायला एक तास, असे साडेसहा तास गेले. भाव सांगताना हे तास धरावेत. "एका फोटोचे इतके" असा सरसकट भाव ठेवला तर कारागीर शेवटी मशीनचेच बटण दाबतो. उसना चेहरा आणि मूळ फोटो दोन्ही पाहिल्याशिवाय काम कबूल करू नये. छपाईचीही मर्यादा सांगावी. ६०० डीपीआयचा सहा बाय आठचा फोटो ३०० डीपीआयवर बारा बाय सोळापर्यंत नीट छापता येतो. त्याहून मोठा मागितला तर चेहरे पुसट दिसतील, हे आधीच बोलावे.

त्या माणसाचा दुसरा फोटोच नसेल तर? गिऱ्हाईक म्हणतो, "माझाच चेहरा लावा, मी हुबेहूब वडिलांसारखा दिसतो." हे काम नाकारावे. चेहरा अर्धा गेलेला असेल तर उरलेला अर्धा स्वच्छ करून द्यावा, गेलेली जागा शेजारच्या छटेने सौम्य भरावी म्हणजे नजर तिथे अडकत नाही. अपुरा पण खरा चेहरा घरात राहिलेला बरा.

वारसा, मालकी, ओळखपत्र किंवा नाते सिद्ध करण्यासाठी लागणाऱ्या फोटोत चेहऱ्याला हात लावू नये. जो माणूस त्या प्रसंगी हजर नव्हता त्याला फोटोत उभा करणेही याच प्रकारात येते. फसवण्याच्या हेतूने बनवलेला खोटा इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. "मला माहीत नव्हते" हे उत्तर द्यायची वेळ येऊ नये म्हणून पावतीवर कामाचा उद्देश लिहून घ्यावा.

या कामात कारागिराने गिऱ्हाईकाला तीन गोष्टी दिल्या : छापलेला नवा फोटो, न छेडलेल्या स्कॅनची फाईल, आणि मूळ फोटो जसा आला तसा, पाकिटात घालून. नव्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलने एक ओळ लिहिली : "१९६८. दुरुस्त प्रत. मधल्या माणसाचे डोळे, नाक व उजवा गाल १९७४ च्या पासपोर्ट फोटोवरून." पन्नास वर्षांनी तो फोटो कोणी हातात घेतला तर त्याला काय खरे आणि काय जोडलेले ते कळेल. ती ओळ लिहायला एक मिनिट लागते आणि तिचे पैसे लावायचे नसतात.